तिसऱ्या चढाईआधीचे पाच सेकंद

सेलू, बुधवार रात्र

कबड्डीत संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी गुण घेऊनच यायची, नाहीतर चढाईपटू बाद. आमचा उजवा चढाईपटू नेमका इथेच अडकतो. आज म्हणाला, "सर, डावा कोपरा दिसलाच नाही बघा." खोटं नाही ते. ताण फार वाढला की नजर आकसते, समोरचा मध्यरक्षक तेवढा दिसतो आणि कडेने घोट्याकडे येणारा हात सुटतो. श्वासही छातीत वरच्या वर चालतो, म्हणून दम लवकर तुटतो.

महिनाभर प्रत्येक सामन्यानंतर त्याला आठवेल त्या चढायांना अंगातल्या उसळीचा आकडा द्यायला लावला, १ ते १०. त्याच्या चांगल्या चढाया ६-७ वर आहेत, फसलेल्या बहुतेक ९ वर. संघातला दुसरा पोरगा ४ वरच उत्तम खेळतो. ताण आणि कामगिरीचा उलट्या यू-सारखा आलेख यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगाशी जोडतात, पण तो प्रयोग उंदरांवरचा होता. पोरापोरांतला हा फरक क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांच्या मांडणीत नीट बसतो: ज्याचा त्याचा पट्टा वेगळा. म्हणून तिसऱ्या चढाईआधी सगळ्यांना एकच जोशाचं ओरडणं मला चूक वाटतं. ९ वरच्या पोराला ते आणखी वर ढकलतं.

वेळ तरी किती? समोरची चढाई संपली की पाच सेकंदांत निघावं लागतं, आणि त्याआधी तो स्वतः पकडीत गुंतलेला असतो. त्यामुळे त्याची तयारी एवढीच: तोंडाने एक लांब उच्छ्वास, डाव्या कोपऱ्याच्या पायांवर नजर, मनात "कोपरा" हा शब्द, साधा श्वास आत, आणि मध्यरेषा ओलांडण्याआधी दम सुरू. भराभर चार-पाच खोल श्वास घेतले तर उलट गरगरतं. क्रम सरावातल्या प्रत्येक चढाईआधी हाच हवा. फक्त तिसरीला केला तर तोच धोक्याची घंटा होतो.

मनातली तालीम तो खाटेवर पडून करायचा. त्यात टाळ्या होत्या, चढाई नव्हती. आता जर्सी घालून, मैदानावर उभं राहून, ओठांत दम घेत करायची. स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं, लांबून व्हिडिओसारखं नाही. निदानरेषा ओलांडली, कोपऱ्याने घोट्यावर झडप घातली, पाय मागे ओढला, परतताना हाताने गडी टिपला. खरी चढाई २५ सेकंदांची असेल तर मनातलीही साधारण तेवढीच चालली पाहिजे. काल घड्याळ लावलं तर ९ सेकंदांत आटोपली. मधली झडप आणि सुटका त्याने पाहिलीच नव्हती, थेट गुणावर पोचला होता.

उद्या पाचच फेऱ्या, घड्याळ लावून. नंतर डाव्या कोपऱ्याला खरा गडी उभा करून तेच.