फरशीखालचं पाणी

“खानावळ जून-जुलै अख्खे बंद? रंगरंगोटीच तर आहे, पंधरा दिवसांत नाही का होणार हो?”

रंगरंगोटी असती तर रात्री उरकून सकाळी चहा दिला असता. काम आहे स्वयंपाकघराच्या फरशीचं.

आपल्याकडे दिवसभर आमसुलाचं पाणी, चिंच, व्हिनेगर, माशाचं धुवण फरशीवर पडतं. फरश्यांच्या सांध्यांतलं सिमेंट आंबट खातं. एकदा सांधा उघडला की पाणी खाली उतरतं आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही. भांडी घासायच्या जागेजवळच्या फरशीवर नाणं वाजवलं तर ती पोकळ वाजते. त्यातून आधीच्या कंत्राटदाराने जुन्या फरशीवरच नवी बसवल्यामुळे उतार मेला. चुलीपाशी ओतलेली बादली गटाराकडे जायचं सोडून तिथेच थबकते.

म्हणून सगळं खणून काढायचं. मग मीटरला एक सेंटीमीटर उतार धरून कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. मग गटाराचं तोंड बंद करून पाणी दोन दिवस साठवून ठेवायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. पाणी खुणेखाली गेलं, म्हणजे उन्हाने नव्हे, फटीनेच गेलं. आपल्या पावसाळ्यात उन्हाला कोण दोष देणार! उतरलं तर परत पहिल्यापासून. शेवटी सांध्यांत इपॉक्सी भरायचं. ते आंबटाला दाद देत नाही, पण भरताना सांधे कोरडे लागतात, आणि भरल्यावर पक्कं व्हायला आठवडाभर मोकळं सोडावं लागतं. म्हापशाच्या जुलैत सांधे कोरडे करायला पंखे लावून बसावं लागतं. दिवस जातात ते तिथे.

मग मे महिन्यात का नाही? मेमध्ये तुमचेच पाहुणे येतात. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी असते; ताजं इसवण मिळत नाही, मिळालं तर दर ऐकून तुम्हीच उठून जाल. बंद ठेवायचंच तर तेव्हा. मुलांचा पगार चालू राहील, त्याची काळजी नको.

बेत असा: ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फक्त दुपारचं जेवण सुरू करू. श्रावण पाळणाऱ्यांसाठी शाकाहारी थाळी, बाकीच्यांसाठी हुमण. नव्या गटारावर गर्दीचा ताण हळूहळूच टाकायचा आहे, त्यामुळे रात्रीची तळलेली मासळी सध्या नाही. चवथीला मुलं गावी जातात, तेव्हा नेहमीसारखी सुट्टी. चवथ झाल्यावर पूर्ण मेनू आणि रात्रीही.

ज्यांच्याकडे महिन्याची कुपनं शिल्लक आहेत, त्यांनी ती जपून ठेवावीत. जुन्याच दराने चालतील. आणि कोणाचा डबा आमच्याकडे राहिला असेल तर ३१ मेपूर्वी गल्ल्यावर विचारा, नंतर तो सामानाच्या ढिगात सापडणार नाही.