तिच्या घरी जायची सोय आधी केली, मग मनातलं सांगितलं

आमची ओळख नाटकामुळे झाली. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं, आणि दसरा झाला की देवळाच्या सभागृहात तालमी सुरू होतात. ती काम करायची, मी प्रकाशयोजना बघायचो. तिचं घर सावईवेऱ्याच्या बाजूला. तालीम संपेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली असायची, म्हणून तिला माझ्या गाडीतून सोडायचं ठरलं. त्या रोजच्या प्रवासात आमची मैत्री झाली. तिच्या ऑफिसातल्या कटकटी, माझ्या आईचं दुखणं, दोघांनी वाचलेली पुस्तकं, सगळं बोलून व्हायचं. काही महिने असे गेले आणि मला ती आवडायला लागली.

सांगायचं हे मी का ठरवलं, ते आधी लिहितो. ती गाडीत बसायची ती मित्राच्या गाडीत, आणि माझ्या मनात मात्र त्याहून जास्त काही होतं. तिला ते ठाऊक नसताना तिच्या मनातलं ऐकत राहणं मला बरोबर वाटेना. तिचा होकार येईल की नाही, याचा अंदाज बांधणं मी थांबवलं. ती मोकळेपणी बोलते, स्वतःहून मेसेज करते, एवढ्यावरून काही ठरत नाही. चांगली मैत्रीणही तेच करते.

अडचण होती ती गाडीची. गाडीत सांगणं सगळ्यात सोपं होतं, रात्रीची वेळ, दोघंच. पण तिथे तिला नको वाटलं तर ती जाणार कुठे? उरलेला रस्ता तिला माझ्या शेजारीच बसून काढावा लागला असता. आणि दुसऱ्या दिवशीही घरी जायला माझीच गाडी. जिला घरी पोचायला माझी गरज आहे, तिला मी ‘अजिबात दडपण घेऊ नकोस’ म्हटलं तरी दडपण असतंच.

म्हणून आधी ते सोडवलं. आमचे पेटीवादक त्याच रस्त्याने जातात. आळीपाळीने सोडू या, असं मी त्यांना सुचवलं. ते हो म्हणाले, तिलाही चाललं. काही आठवडे तसं रुळू दिलं, म्हणजे माझी पाळी पुढे बंद झाली तरी तिचं अडणार नव्हतं आणि कोणी कारणही विचारणार नव्हतं.

दुसरं म्हणजे वेळ. जत्रेच्या आधी सांगायचं नाही, हे पक्कं होतं. तिचं उत्तर ‘नाही’ असतं, तर मनात ते घेऊन तिला माझ्याच प्रकाशात उभं राहावं लागलं असतं. प्रयोगाच्या रात्रीही नाही. टाळ्या, जागरण, सगळ्यांचा आनंद, अशा वेळी माणूस उत्साहात हो म्हणतो किंवा समोरच्याला दुखवायला नको म्हणून गप्प बसतो. जत्रा होऊन सगळे आपापल्या कामाला लागेपर्यंत मी थांबलो. तालमी त्यानंतरही चालू होत्या.

जागेबद्दल माझ्या एका जुन्या मित्राचं मत वेगळं होतं. बोलता बोलता तो म्हणाला होता, असं काही सांगायचं असेल तर फेरीबोटीतून दिवाडी बेटावर जावं, संध्याकाळी, छान वातावरण असतं. छान असतं खरं. पण परतायचं तर पुन्हा फेरीचीच वाट बघायची, तीही एकत्र. मला अशी जागा हवी होती जिथून ती कधीही उठून जाऊ शकेल. गावात नको होतं, कारण आमच्याकडे दोघं चहाला बसलेली दिसली तरी जेवणाच्या वेळेपर्यंत ते घरी पोचतं.

ती शनिवारी पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाते. कदंब बसस्थानक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मी मेसेज केला, ‘शनिवारी लायब्ररीनंतर अर्धा तास मिळेल का? माझ्या मनातलं एक सांगायचं आहे. काळजीचं काही नाही.’ नुसतं ‘बोलायचं आहे’ लिहिलं असतं, तर ती शनिवारपर्यंत घोरात राहिली असती.

चहा आणि भाजी-पाव घेतला. वेटर बिल घेऊन आला तेव्हा लगेच पैसे देऊन टाकले, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर कोणाला थांबायला नको. फूल, भेटवस्तू काही नव्हतं, कारण वस्तू हातात घेतली की उत्तराला वजन येतं. मग बोललो. बोललो कोकणीतून, इथे मराठीत लिहितो:

‘मला तू मैत्रीच्या पलीकडे आवडतेस. तुझ्यासोबत पुढे जावंसं वाटतं. तुला तसं वाटत नसेल तर नाही म्हण, कारण सांगायची गरज नाही. आज उत्तर द्यायलाच हवं असं नाही, हवा तेवढा वेळ घे. मी परत विचारणार नाही, आणि तू हा विषय काढलाच नाहीस तर ते नाही असंच मी धरीन. नाही असेल तर मला थोडे दिवस जड जाईल, पण ते माझं मी बघेन. तालीम आणि घरी जायची सोय याचा त्याच्याशी काही संबंध नाही.’

‘आपली मैत्री अगदी आहे तशीच राहील’ असं मी मुद्दाम म्हणालो नाही. ते माझ्या हातात नव्हतं.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारलं, ‘कोणाक सांगलां?’ कोणालाच नाही, मी म्हणालो. तिचा चेहरा जरा सैल झाला. ‘मग सांगू नकोस,’ म्हणाली. तिच्या घरी लग्नाचा विषय चालू होता, आणि ग्रुपमधली चिडवाचिडवी तिथे पोचली असती तर तिच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले असते, माझा आणि घरच्यांचा. अर्ध्या तासाच्या आतच ती बसला निघाली. मी सोडायला गेलो नाही.

उत्तर पुढच्या आठवड्यात मेसेजवर आलं. ‘खूप विचार केला. तू जवळचा आहेस, पण मला तसं वाटत नाही. आत्ता नाही असं नव्हे, नाहीच.’ वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी तिने किती स्वच्छ लिहिलं होतं! तिने नुसतं ‘आत्ता नको’ म्हटलं असतं तरी मी ते नाहीच मानलं असतं, कारण आपल्याकडे मुली नकार बहुतेक वेळा असाच देतात, आणि त्या ‘आत्ता’ला धरून बसलेला माणूस त्यांना पुन्हा पुन्हा नाही म्हणायला लावतो. मी उत्तर दिलं, ‘स्पष्ट सांगितलंस, बरं झालं. तालमीला भेटू.’ का, कधीपासून, दुसरं कोणी आहे का, यातलं एकही विचारलं नाही. रात्रीचे मेसेज मी थांबवले. ती समोर आली की नीट बोलायचो, लवकर निघायचं निमित्त काढायचो नाही. वचन दिलं होतं म्हणून घरात बहिणीलाही सांगितलं नाही, आणि या सगळ्यात तेच मला सगळ्यात कठीण गेलं.

चवथीला तिने सगळ्या ग्रुपला आरतीला बोलावलं, त्यात मीही होतो. गेलो.

हे लिहिल्यावर आधी तिला वाचायला दिलं, तिला ओळखता येईल असे तपशील बदलले. पेटीवादकांच्या गाडीची व्यवस्था मी कशासाठी केली, ते तिला त्याच शनिवारी बसमध्ये लक्षात आलं होतं, आणि तो मेसेज लिहायला त्याची मदत झाली, असं ती म्हणाली. एक गोष्ट मात्र तिला पटली नव्हती. ‘हवा तेवढा वेळ घे’ म्हटल्यामुळे रोज तालमीला येताना तिला वाटायचं, हा वाट बघत असेल. तू एक दिवस ठरवून दिला असतास, तोवर मी बोलले नाही तर नाही, एवढं म्हणाला असतास तर मला हलकं वाटलं असतं, असं ती म्हणाली.