९८ ची वाट बघत सुकलेला केक

आमची बेकरी महाबळेश्वरात, हॉटेलच्या किचनला लागूनच. सीझनमध्ये खजूर-अक्रोड केकच्या लोफची मोठी ऑर्डर होती आणि ओव्हनवर नवीन पोरगा, हॉटेल मॅनेजमेंट करून आलेला, हुशार, पण कागदावर लिहिलंय म्हणजे लिहिलंय असा. मुंबईच्या हेड ऑफिसच्या कार्डावर होतं, मध्यभागी ९८ डिग्री आली की काढा.

मी आत आले तर वास बदललेला. म्हणजे बघा, केक कच्चा असतो तोवर अंड्याचा ओलसर वास येतो, मग बटर-साखरेचा गोड वास पसरतो, तो आला की दार उघडून बघायचं. इथे तो येऊन गेला होता आणि जळकट साखरेची कडवट छटा सुरू झालेली. म्हटलं काढ ना बाबा, तर म्हणतो, "मॅडम, ९५ च्या वर जातच नाहीये, आणि सळई पण चिकट येतेय."

सळई चिकट येणारच, आत खजूर आहे! कच्चं पीठ सळईला फिकट, ओलं लागतं, खजूर तपकिरी आणि ताणला जाणारा, एवढं बघायला डोळे पुरतात. मधोमध बोटानं हलकं दाबलं तर लगेच वर आलं, कडा टिनपासून सुटलेल्या. केक कधीच झाला होता.

थर्मामीटर बिघडला म्हणून हा दुसरा आणायला निघाला. त्याला थांबवलं, म्हटलं आधी पाणी उकळ. खळखळत्या पाण्यात आकडा आला ९५.५. थर्मामीटर एकदम बरोबर होता. आपण बसलोय साधारण १३५० मीटरवर, हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी इथे ९५-९६ लाच उकळतं, आणि केकमध्ये ओल आहे तोवर आतलं तापमान त्याच्या फारसं वर चढत नाही, साखरेमुळे किंचित चढेल तेवढंच. ९८ ची वाट बघायची म्हणजे केक नुसता सुकवत बसायचं. हेड ऑफिसला कळवलं तर उत्तर आलं, रेसिपी स्टँडर्ड आहे. असो.

सुकलेल्या लोफना साखरेचा पाक लावून वेळ मारून नेली. आता आमच्या भिंतीवर केकसाठी ९३ लिहिलंय. मिल्क ब्रेडचा आकडा ८८-९०, तो मुळात उकळबिंदूच्या खाली म्हणून तसाच ठेवला, पण तिथेही नुसत्या आकड्यावर जाऊन चालत नाही, बाजू पांढऱ्या असताना काढला तर गार होताना कमरेत बसतो.

अडलंय ते वासापाशी. आकडा आणि बोट त्याला एका दुपारीत शिकवता आलं, नाक कसं शिकवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. त्यातून शेजारच्या डेकवर गार्लिक ब्रेड असला तर माझंही नाक काही कामाचं नाही, तेव्हा मीही बोटावरच असते.