मिरची पावडरच्या कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट: माझा अनुभव

उद्यम नोंदणी, फूड लायसन्स, जागेचा भाडेकरार हे सगळं दोन आठवड्यांत आटोपलं होतं, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. माझे चार महिने खाल्ले ते प्रोजेक्ट रिपोर्टच्या एका पानाने. खेळतं भांडवल, पान नऊ.

2023 मध्ये भिवापुरी मिरचीची पावडर करायचं ठरवलं. रिपोर्ट एका सल्लागाराकडून सात हजारांत करून घेतला. बावीस पानं, रंगीत कव्हर. वर्षाला 24 टन पावडर, किलोला 300 रुपये, विक्री 72 लाख. कर्जफेडीची क्षमता दाखवणारा आकडा, ज्याला बँकवाले डीएससीआर म्हणतात, तो आला होता 4.6. दीडच्या वर असला म्हणजे बँक खूष, एवढं ऐकून होतो. मी तर मशीनला कोणता रंग द्यायचा यावर येऊन ठेपलो होतो.

बँकेच्या पहिल्या दोन फेऱ्यांत "साहेब मीटिंगमध्ये आहेत", तिसऱ्या फेरीत "फाइल वाचतोय". चौथ्या फेरीत साहेबांनी पान नऊवर पेन्सिलने दोन गोल केले. एका गोलात 14.40 लाख, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी मागितलेलं कॅश क्रेडिट. लहान उद्योगाला अंदाजित विक्रीच्या वीस टक्के मिळतं, त्या हिशेबाने ते बरोबर होतं. दुसऱ्या गोलात कच्च्या मालाचा साठा: पंधरा दिवसांचा, 2.16 लाख. साहेब म्हणाले, "माल दोन लाखांचा ठेवणार, मग चौदा लाख कशाला हवेत? आणि जुलैमध्ये मिरची आणणार कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सल्लागाराला फोन केला तर तो म्हणाला, "सगळ्यांचे असेच पास होतात." नंतर कळलं, त्याचा तो साचा बिस्किटाच्या युनिटसाठी केलेला होता. मैदा रोज मिळतो, मिरची मिळत नाही.

मग नागपूरच्या कळमना बाजारात गेलो, जे आधीच करायला हवं होतं. अडत्याने सरळ सांगितलं, "भाऊ, माल घ्याचा तं फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात घरी ठेवसान तं काळी पडन. कोल्ड स्टोरेजात ठेव, नाही तं दिवाळीनंतर चढ्या भावानं घे." नवीन रिपोर्ट या तीन वाक्यांवर उभा राहिला.

आणखी एक चूक घरीच सापडली. रिपोर्टमध्ये 24 टन मिरचीतून 24 टन पावडर निघत होती. मी दहा किलो मिरची उन्हात वाळवली, आईने देठ खुडले, ओळखीच्या गिरणीत दळून आणली. भरली आठ किलो नऊशे ग्रॅम. (घरभर दोन दिवस शिंका.) म्हणजे शंभराला अकरा किलो जातात, आणि ते सल्लागाराने नफ्यात धरले होते.

नवीन हिशेब असा मांडला. वर्षाला 12 टनच पावडर, महिन्याला लागणारी मिरची 1,125 किलो. मार्च ते मे रोजची गरज भागवून वर 4,500 किलो जास्त घ्यायची आणि कोल्ड स्टोरेजात ठेवायची; ती जून ते सप्टेंबर पुरते. तेव्हाच्या 180 च्या भावाने हा साठा 8.10 लाखांचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कोल्डचा माल घ्यायचा, भाव 210 धरून. विक्री 36 लाख, तिच्या वीस टक्के 7.20 लाख. बँक साठ्यावर पंचवीस टक्के मार्जिन कापून उचल देते, म्हणजे 8.10 वर साधारण सहा लाख. आता साठा आणि मागणी एकमेकांशी बोलत होते. डीएससीआर 1.8 वर उतरला, तेव्हा वाटलं गेलं आता. पण साहेबांनी बाराही महिन्यांचा तक्ता बोटाने खाली वाचत नेला आणि म्हणाले, "हे पटतंय."

राहिलंच सांगायचं: मशीनचं कोटेशन जीएसटी नंबर असलेलंच घ्या, माझं एक साध्या लेटरहेडवरचं परत आलं. आणि पीएमएफएमई या केंद्राच्या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेचं 35 टक्के अनुदान मशिनरी आणि तांत्रिक बांधकामावर मिळतं, कॅश क्रेडिटवर नाही. ते मनात धरून स्वतःचा वाटा कमी दाखवू नका. ते पैसे हातातही येत नाहीत, बँकेत कर्जापोटी तीन वर्षं राखून ठेवले जातात. या योजनेत कृषी विभागाने नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती रिपोर्ट करायला मदत करते, अर्जदाराकडून पैसे न घेता. मला हे सात हजार गेल्यावर समजलं.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी तारीख होती 19 जून. मार्च ते मेचा हंगाम संपला होता. पहिला माल शेवटी 210 नेच घेतला.