सखूबाईचं बाकडं

बुधवार, रात्री साडेअकरा

मघाशी दादाचा मेसेज आला. 'बाकडं पक्कं झालं. देवळापुढं बसवायचं. कै. सखूबाई यांच्या स्मरणार्थ. पेंटर शनिवारी येतोय.' खाली जोडलेले हात तीनदा.

पोटात गोळाच आला. सखूबाई नावाची बाई आमच्या घराण्यात कधी झालीच नाही. ती मी केली, रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर डोळ्यांवर झापड असताना.

आबांनी लिहिलेल्या वंशावळीच्या कागदाचा फोटो दादानं शनिवारी पाठवला होता. चार घड्या पडलेला, मागं कॅलेंडरचा महिना दिसणारा कागद. वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि कोपऱ्यात दादाचा अंगठा. खाली चारच शब्द, 'हे जरा नीट करून दे'. यात्रेला फ्लेक्स लावायचा म्हणे, सहा बाय चारचा. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, वास्तुशांत, दहाव्याचं कार्ड, सगळं मीच करते, मग हे कुणाकडं जाणार? मला कुणी 'वेळ आहे का' असं कधी विचारत नाही. सांगलीत कॉम्प्युटर घेऊन बसलेली आहे, करेल की. एवढ्या वर्षांत एकानं तरी, जाऊ दे.

केलं मी. दोन तासांत केलं. चौकोन एका मापाचे, रेघा सरळ, पिढीगणिक वेगळा रंग. दादाचं उत्तर आलं, 'झकास. एकदम क्लीन.' सोमवारी फ्लेक्स छापूनही आला.

आणि तेव्हापासून मला चैन नाही. काहीतरी पुसलंय आपण, एवढंच डोक्यात. भांडी घासतानाही तेच.

आबांच्या कागदावर वर रामजी. त्यांच्या खाली बाळा आणि ज्ञानू. बाळाच्या शेजारी आबांनी 'मानमोडीत' एवढंच लिहिलंय, म्हणजे १९१८ च्या साथीत गेले. त्याच्याही शेजारी बायकोचं नाव, आणि नेमकं त्याच्या पहिल्या अक्षरावरून घडी गेलेली. पुढचं 'कूबाई' स्वच्छ दिसतं. घडीच्या डाव्या अंगाला एक कमान उरलीय, नखाएवढी. मी म्हटलं सखूबाई. आपल्याकडं कूबाई म्हणजे सखूबाईच असणार, दुसरं कोण! आबा 'ख' च्या जागी 'क' लिहून गेले असतील, असं म्हणून ते शुद्धलेखनही मीच सुधारलं. नावाच्या उजवीकडं एक करडा ठिपका होता, तो कागदाचा डाग म्हणून सोडून दिला.

त्याच्या खाली विठू. विठूला वरून दोन रेघा येतात, एक बाळाकडून, सरळ, ठसठशीत, आणि दुसरी ज्ञानूकडून, तुटक तुटक. मला वाटलं बॉलपेन अडखळलंय, आबांनी आधी चुकून ज्ञानूला जोडलं आणि मग बाळाकडून नीट रेघ ओढली. एका पोराला दोन बाप कसे असतील? तुटक रेघ काढून टाकली.

विठू म्हणजे आमचे आजोबा. आपल्याच आजोबांची रेघ काढताना हात थोडा तरी अडखळायला हवा होता.

सोमवारी रात्री वहिनीला फोन केला. म्हटलं, कागद पाटावर सपाट ठेव, सकाळी खिडकीशी ने, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, आणि मोबाईल कागदाच्या बरोबर वर धर, तिरका नको. ट्यूबलाइटच्या फोटोत जिथं पांढरा पट्टा पडतो तिथं शाईची खूणच उरत नाही, मग काळं-पांढरं करा नाहीतर गडद करा, नाही ते परत येत नाही. शिवाय ट्रंकेतली जमिनीच्या फेरफाराची झेरॉक्सही पाठव म्हटलं. वहिनीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. काल सकाळी चार फोटो आले, अंगठ्याशिवाय.

दोन्ही गोष्टी त्यातच दिसल्या.

पहिली गोष्ट रेघेची. फेरफार १९२६ चा. 'मयत बाळा यांस पुत्रसंतान नसलेने' अशी सुरुवात, ते आपल्याकडचं 'नसलेने'. पुढं वारसाचं नाव 'विठू द. बाळा', मग 'अज्ञान, वय वर्षे ६, अ.पा.क. आई लक्ष्मीबाई कोम बाळा'. कोम म्हणजे बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, पोर लहान म्हणून त्याच्या वतीनं जमीन बघणारं माणूस. सगळं त्या 'द.' वर अडलं होतं. द. म्हणजे दगडू असेल, आडनावाचं अक्षर असेल, दुसरंही काही असेल. मग मागच्या कागदावर हिशोब मांडला. १९२६ ला सहा वर्षांचा, म्हणजे जन्म १९२० च्या आसपासचा. बाळा तर १९१८ लाच गेलेले. जुन्या कागदांतली वयं अंदाजानंच लिहिलेली असतात, एकदोन वर्षं इकडंतिकडं होतात, म्हणून एवढ्यावरच विसंबले नसते. पण वय, तो 'द.' आणि आबांच्या दोन रेघा असं तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होतं. विधवा लक्ष्मीबाईनं दिराचा मुलगा दत्तक घेतला. तुटक रेघ रक्ताची, सरळ रेघ कागदाची. आबांचं पेन अडखळलं नव्हतं. ते थांबून थांबून मुद्दाम तशी रेघ ओढत होते.

वारसाच्या कामाला बाळाकडची एकच रेघ पुरते, ते मलाही कळतं. पण भावकीच्या फ्लेक्सवर ज्ञानूकडची रेघ नसली, की त्यांची घरं आम्हाला एक पिढी लांबची होतात. म्हणजे एका क्लिकनं मी अर्ध्या गल्लीला चुलत केलं.

दुसरी गोष्ट नावाची, आणि जास्त टोचते ती हीच. उजेडातल्या फोटोत तो करडा ठिपका डाग नाहीच. पेन्सिलीनं काढलेलं बारीक प्रश्नचिन्ह आहे. आबांनाही खात्री नव्हती. त्यांनी तसं लिहून ठेवलं होतं, आणि मी ते पुसून त्यावर छान फाँटात सखूबाई घातली. ज्याला माहीत होतं त्यानं प्रश्न विचारला आणि जिला काहीच माहीत नव्हतं तिनं उत्तर छापलं.

काल दुपारभर ते एक अक्षर मोठं करून बसले. 'स' ला उजवीकडं काना लागतो. इथं कमान संपली की लगेच 'कू' सुरू होतो, मध्ये काना उभा राहायला जागाच नाही. म्हणजे 'स' नाही, आणि त्याच हिशोबानं 'ब' पण नाही. मग त्याच कागदावर आबांनी दुसरीकडं बिनकान्याचं गोल अक्षर कसं काढलंय ते शोधलं. सापडायला वेळ लागला नाही, विठूचा 'ठ'. आबांच्या 'ठ' चं वर्तुळ पूर्ण मिटत नाही, उजवीकडं खाली थोडं उघडं राहतं. ती कमान कापून विठूच्या 'ठ' वर ठेवली तर बरोबर बसली. ठकूबाई.

पण फेरफारात तर लक्ष्मीबाई. मग ठकू कोण? बाळांची आधीची बायको? आबांचं प्रश्नचिन्ह त्याचंच असणार.

आज संध्याकाळी मिरजेला आत्याला फोन लावला. पहिली पाच मिनिटं गुडघे. मग विचारलं, तुमच्या आजीचं नाव काय हो? ती गप्पच झाली. म्हणाली, "आजीच म्हणायचो की. आजीचं नाव कोण घेतंय?" बरोबरच आहे. आबांनाही म्हणूनच माहीत नसणार. ज्या बाईनं बापाला वाढवलं तिचं नाव घरात उच्चारायचीच कुणाची टाप नव्हती. मग जरा वेळानं आत्या स्वतःशीच हसली. "शेजारची म्हातारी हाक मारायची बघ तिला, परड्यातनं. 'ठके, ए ठके, विस्तव हाय का?' दोघी एकाच गावच्या, माहेरच्या. आई म्हणायची, एवढी एकच बाई तिला नावानं बोलवते."

ठकू माहेरची, लक्ष्मी सासरची. ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं गेलं आणि जुनं परड्यापलीकडं राहिलं. तांदळात माझंही, असो.

एवढ्यावर मी 'नक्की' म्हणणार नाही, एकदा म्हणून बसले आहे. चौऱ्याऐंशीच्या बाईची लहानपणची आठवण, एक कमान आणि एक फेरफार, इतकंच हातात आहे. 'लक्ष्मीबाई (माहेरची ठकू?)' असं लिहीन, प्रश्नचिन्हासकट. फोन ठेवताना आत्यानं विचारलं, "मी हाय का गं त्या कागदावर?" आबांनी विठूच्या खाली 'मुली २' लिहिलंय. मी म्हटलं, आहात की. बाबांच्या चौकोनाखालीही 'मुली २' आहे. तो विषय आज नको.

हे सगळं उलगडून जरा बरं वाटतंय तोवर बाकड्याचा मेसेज. लगेच दादाला फोन केला.

"अगं छापून आलाय फ्लेक्स. कोण वाचतंय एवढं?"

"फ्लेक्स राहू दे. बाकड्यावर सखूबाई नको."

"मग काय घालू?"

"लक्ष्मीबाई. फेरफारात आहे, कुणी विचारलं तर कागद दाखवता येईल."

"आणि सखूबाई कोण मग?"

"कुणी नाही."

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काल कीर्तनात बुवांनी नाव घेतलं की तिचं. दोन म्हाताऱ्यांनी डोळं पुसलं." मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं. बिचारी सखूबाई! चार दिवसांचं आयुष्य, पण दोन म्हाताऱ्या रडल्या तिच्यासाठी.

प्रश्नचिन्ह मात्र त्याला पटेना. "लोक म्हणतील ह्यांना आपलीच आजी माहीत नाही." म्हटलं, नाहीच माहीत. फ्लेक्सला तुझं तू बघ, पण घरात जी प्रत राहील तिच्यात तुटक रेघही येईल आणि प्रश्नचिन्हही येईल. बरं म्हणाला. दादाचं बरं म्हणजे उद्या बघू.

मग मला भीती वाटली ती वेगळीच. "मूळ कागद कुठाय?"

"आहे की. आता नीट झालंय म्हटल्यावर काय करायचंय त्याचं? लॅमिनेशन करून ठेवू का?"

"हात लावू नको." जरा ओरडलेच. त्या गरम रोलमधून एकदा गेला की प्लास्टिक परत निघत नाही, आणि आत पेन्सिलीचं काय होईल कोण जाणे. "घडीही घालू नको. वहीत सपाट ठेव. मी रविवारी येऊन नेते."

"ये. आणि येताना भडंग आण, दोन किलो. मागच्या वेळचं मऊ होतं."