गेटच्या केबिनमधलं घड्याळ

सातपूर एमआयडीसीत आमची कंपनी आहे, मी एचआरला. २०२४ ची गोष्ट. एकदा गेटवर सिक्युरिटी केबिनमध्ये थांबले होते तर भिंतीवर घड्याळ दिसलं, खाली आमचाच लोगो, '२५ वर्षांच्या निष्ठावान सेवेबद्दल' आणि एका रिटायर झालेल्या माणसाचं नाव. वॉचमनला विचारलं हे इथे कसं, तर म्हणाला, मॅडम ते जाताना देऊन गेले, म्हणे घरी घड्याळ आहे, तुम्हाला ड्युटीवर कामाला येईल.

हे घड्याळ मीच ऑर्डर केलेलं, ११ नगांच्या लॉटमध्ये. नावाची फक्त पट्टी बदलायची.

त्या वर्षी पुन्हा ११ जणांची २५ वर्षं भरत होती. यावेळी म्हटलं आधी माणसं विचारायची, मग वस्तू. सुपरवायझरला फोन केले की आपल्या लाइनवरच्या अमुक काकांबद्दल दोन ओळी सांगा, तर सगळीकडून एकच उत्तर, 'चांगले आहेत, टाइमावर येतात, कधी तक्रार नाही.' अशा ओळी कुणाच्याही नावाखाली चालतात, म्हणून पुढच्या फोनपासून प्रश्नच बदलला, 'ते मागे आठ दिवस सुट्टीवर होते तेव्हा तुमचं काय अडलं?' आणि मग माणसं बोलायला लागली.

एका काकांचं सांगते. बुशच्या लाइनवर पूर्वी जॉब उलटा बसायचा, चॅम्फरची बाजू आत जायची आणि ते कळायचं थेट फायनल इन्स्पेक्शनला, तोवर आख्खा ट्रे रिजेक्ट. काकांनी टूलरूमच्या भंगारातला नायलॉनचा तुकडा घेऊन त्यात एक पिन अशी बसवली की उलटा बुश बसतच नाही. आज त्याचं स्टीलचं फिक्स्चर आहे, ड्रॉइंग नंबर वगैरे सगळं आहे, पण ड्रॉइंगवर काकांचं नाव नाही. ते सुट्टीवर असले की सेटिंगला नवीन पोरांचा अर्धा तास जातो, एवढंच सुपरवायझरने सांगितलं, नायलॉनचं मला टूलरूमवाल्याने सांगितलं, आणि तो मूळ तुकडा त्याच्याच ड्रॉवरमध्ये निघाला, पिवळा पडलेला, पिन झिजलेली.

सर्टिफिकेटचा मजकूर केला. त्यात मी लिहिलं '१९९६ पासून', कारण काका स्वतः तेच सांगतात, पहिली तीन वर्षं टेम्पररी आणि १९९९ ला कायम. मॅनेजरने ती ओळ लाल पेनने कापली. कायम होण्याआधीची वर्षं कंपनीच्या लेटरहेडवर लेखी आली तर उद्या ग्रॅच्युइटीच्या हिशोबात कुणीतरी तोच कागद पुढे करेल, ही भीती. राग आला, पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. शेवटी कागदावर १९९९ राहिलं.

आता पैशाचा भाग. युनियनचं म्हणणं सरळ होतं, एकाला भारी आणि एकाला हलकं नको. रोख द्यावी तर ती पगारात धरून टॅक्स कापला जातो. म्हणून रक्कम सगळ्यांची सारखी ठेवली, वस्तू ज्याची त्याने सांगायची, आणि सोबत तीन दिवस भरपगारी सुट्टी, तारखा माणसाने निवडायच्या आणि त्या आजच मंजूर. ही सुट्टीची आयडिया काकांमुळेच सुचली. निफाडला त्यांची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी असते आणि तेव्हाच आमचा दिवाळीआधीचा डिस्पॅच, त्यामुळे फाइलमध्ये बघितलं तर त्यांचे ऑक्टोबरचे रजेचे अर्ज जवळजवळ दरवर्षी नामंजूर. तारखा विचारल्यावर काका आधी हसलेच, 'नक्की ना मॅडम? लेखी द्या.' दिलं.

स्टेज त्यांना नकोच होता, घाम फुटतो म्हणाले. मग लाइनवरच सकाळच्या चहाला सगळे थांबले, नायलॉनचा तुकडा लाकडी पट्टीवर बसवून त्यांच्या हातात दिला. सुपरवायझर बोलायला उभा राहिला आणि पहिलंच वाक्य, 'काका ९६ ला आले तेव्हा मी शाळेत होतो.' मॅनेजर शेजारीच होते, त्यांनी चहात बघितलं. काकांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, 'पिन तेव्हा पण जरा वाकडीच बसली होती.'

सगळं असंच जमलं असं नाही हां. स्टोअर्समधले एक जण, अगदी अबोल, त्यांच्याबद्दल दोन आठवडे विचारत फिरले तरी काही हाती लागलं नाही, तारीख जवळ आली आणि मी 'सचोटी व परिश्रम' लिहून मोकळी झाले. त्यांनी कागद वाचला, शेजारच्याचा पण मागून वाचला, आणि माझ्याकडे बघून नुसतं 'बरं' म्हणाले.