ठोसेघरसाठी ऑगस्टचा शेवट का निवडला

सांगलीत राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणच्या पावसाचे आकडे रोज वाचण्याची सवय असते, कारण आयर्विन पुलाखालच्या कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकणार की नाही, याचा पहिला अंदाज तेथूनच येतो. ठोसेघरचा धबधबा आईवडिलांना दाखवायचा ठरल्यावर मी याच आकड्यांचा आधार घेतला.

जुलै मी प्रथम बाजूला ठेवला. त्या महिन्यात या डोंगरपट्ट्यात सर्वाधिक पाऊस पडतो. २२ जुलै २०२१च्या सुमारास तर महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गेली. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असताना प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते, आणि ते योग्यच आहे. शिवाय बंदी नसली, तरी दाट धुक्यामुळे प्रेक्षक कठड्यावरून समोरची दरीच दिसत नाही. जूनमध्ये अडचण वेगळी असते: तहानलेली जमीन पहिले पाणी शोषून घेते, त्यामुळे धार भरायला वेळ लागतो.

उरले ऑगस्ट आणि सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये कासच्या फुलांसाठी गर्दी होते, पण ती साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे जाणाऱ्या रस्त्यावर. भांबवलीच्या वजराई धबधब्याला जाणाऱ्यांना ती चुकवता येत नाही. ठोसेघरचा रस्ता मात्र सज्जनगडाच्या बाजूने जातो. तरीही मी सप्टेंबर घेतला नाही, कारण पठारावरून पाणी लवकर वाहून जाते आणि उघडीप लांबली की काही दिवसांतच धार बारीक होते.

म्हणून स्वातंत्र्यदिनाला जोडून येणाऱ्या सुट्ट्या संपल्यानंतरचा ऑगस्टचा शेवट ठरला. तारीख मात्र मोकळी ठेवली. नवजाचा आकडा तीन अंकी असेपर्यंत निघायचे नाही आणि तो सलग काही दिवस शून्याजवळ गेला, तरीही थांबायचे, हा माझा ठोकताळा होता. नवजा ठोसेघरपासून दूर आहे आणि तेथे पाऊस जास्त पडतो, त्यामुळे तो आकडा केवळ कल दाखवतो. आकडे दोन अंकी झाले, जिल्ह्याचा इशारा पिवळ्यावर आला, तेव्हा मी ठोसेघरच्या एका खानावळवाल्यांना फोन करून एवढेच विचारले, "दादा, दुपारी दरी दिसते का?" ते म्हणाले, "सकाळी नाही दिसत, अकरानंतर उघडतंय. शनिवार-रविवार सोडून या."

आम्ही बुधवारी गेलो. वाहनतळावर मोजक्याच गाड्या होत्या, पायऱ्या ओल्या असल्या तरी आईला कठडा धरून उतरता आले, आणि बाराच्या सुमारास धुके हटल्यावर धारा वरपासून दरीपर्यंत अखंड दिसल्या. दोनच्या पुढे ढग पुन्हा खाली आले, म्हणून अशा दिवशी सज्जनगड आधी न करता ठोसेघर आधी पाहावे.